छोट्या बटणाचे ७,८०० रुपये, अक्कलखाती

आधी आकडे सांगतो, कारण तेच रात्री झोपू देत नाहीत. तपासणी ३००, मदरबोर्ड ६,८००, मजुरी ७००. एकूण ७,८००. आणि माझ्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड मुळात बिघडलेलाच नव्हता.

झालं असं की एके सकाळी कॅबिनेटचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा नाही, दिवा नाही, बीप नाही. मी अगदीच अडाणी नाही, हे लिहून ठेवतो. भिंतीच्या सॉकेटला टेबललॅम्प लावून बघितला, तो लागला. एक्स्टेन्शन बोर्ड काढून केबल थेट भिंतीत लावली. मॉनिटरची केबल काढून सीपीयूला लावली, कारण ती तशीच असते आणि मॉनिटरवर ती चालतेय हे डोळ्यांना दिसत होतं. मागचा पॉवर सप्लायचा छोटा स्विच रेघेच्या बाजूला आहे, गोलाच्या नाही, हेही पाहिलं. बाजूचं झाकण काढलं तर मदरबोर्डच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका पेटलेला होता.

तो ठिपका मी पाहिला, बरं वाटलं, आणि झाकण लावून दुरुस्तीवाल्याला फोन केला. इथेच माती खाल्ली.

कारण तो ठिपका बरंच काही सांगत होता. कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लाय एका जांभळ्या वायरीतून मदरबोर्डला सतत ५ व्होल्ट देत असतो. बटण दाबल्याचं बोर्डला कळतं ते याच विजेवर. म्हणजे सॉकेट, केबल, मागचा स्विच हे सगळं पार करून वीज बोर्डापर्यंत पोचली होती. सगळ्याच बोर्डांवर असा दिवा नसतो, आणि तो पेटला म्हणजे बोर्ड किंवा सप्लाय ठणठणीत असंही नाही. पण पुढची शंका कुठे घ्यायची ते ठरतं: बटणाची हाक बोर्डापर्यंत जातेय का?

दुरुस्तीवाला आला. बटण दोनदा दाबलं, मान हलवली आणि म्हणाला, ‘‘काका, बोर्ड गेलाय. शॉर्ट आहे.’’ मी म्हटलं, अहो तो दिवा पेटलाय. ‘‘तो पेटतोच हो, आतलं गेलंय.’’ स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला तो फक्त कॅबिनेट खोलायला. कॅबिनेट घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी आणून दिलं. चकचकीत पुसलेलं.

आता जे लिहितोय ते लिहिताना कान गरम होताहेत. मशीन चालू करायला मी नेहमीचं मोठं बटण दाबलं. काही नाही. तो हसला आणि त्याच्या शेजारचं टिकलीएवढं बटण दाबलं. मशीन सुरू! ‘‘नवीन बोर्डला असंच असतं काका, आता हे छोटं बटण वापरायचं.’’ आणि मी, नोकरीत इतरांच्या बिलांतल्या चुका काढण्यात हयात घालवलेला माणूस, ‘‘अच्छा अच्छा’’ म्हणालो आणि पैसे मोजले. समोर मशीन चालू दिसत असताना प्रश्न विचारणं कुणाला सुचतं, तुम्हीच सांगा. महिनाभर निमूटपणे टिकली दाबत होतो.

मग भाची राहायला आली. ‘‘मामा, तू रीसेटच्या बटणावरून का चालू करतोस?’’ मी तिला नवीन बोर्डचं शास्त्र ऐकवलं. ती काही बोलली नाही, तिने झाकण काढलं.

कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरी मदरबोर्डच्या तळाशी, कडेच्या पिनांवर येतात. पॉवरच्या बटणाचं काम फार साधं आहे: दाबलं की दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, बस्स. रीसेटचं बटणही तसंच. त्यामुळे या दोघांपैकी कोणत्याही बटणाची वायर दुसऱ्याच्या पिनांवर बसते आणि चालते, उलटसुलट लावली तरी. माझ्या बोर्डवर पॉवरच्या दोन पिनांवर रीसेटची चिमुकली क्लिप बसवलेली होती, आणि ‘पॉवर’ छापलेली क्लिप केबल टायने मागे बांधून ठेवली होती. बांधून! म्हणजे त्याला नक्की ठाऊक होतं.

तिने ती मोकळी केली, मल्टिमीटर बीपवर लावला आणि मला मोठं बटण दाबायला सांगितलं. बीप नाही. दहा वेळा दाबलं, तरी नाही, म्हणजे बटणच मेलेलं, दाबून जोड होतच नव्हता. रीसेटचं दाबलं की लगेच बीप. मग दोन्ही क्लिपा काढून, मशीन बंद असताना, पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. मशीन सुरू. एवढीच चाचणी होती. बोर्डवर पिनांची नावं छापलेली असतात. नसली तर मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने भलत्या पिना जोडू नका.

तरी मला वाटलं, निदान बोर्ड तर नवा आहे. माळ्यावरून जुन्या बोर्डचा खोका काढला. खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि कॅबिनेटमधल्या बोर्डवरच्या स्टिकरचा नंबर, शेवटच्या अंकापर्यंत एकच. ६,८०० रुपयांना मी माझाच बोर्ड विकत घेतला होता. मशीन हातातून जाण्याआधी त्या स्टिकरचा फोटो काढा.

स्क्रूड्रायव्हर टेकवूनही ढिम्म राहिलं असतं तर? तर पाळी सप्लायची. मशीनची वीज काढायची, बोर्डातला २४ पिनांचा जाड प्लग उपसायचा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची काळी यांची तोंडं वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडायची आणि मगच वीज द्यायची. पंखा फिरला तर सप्लाय हाक ऐकतो. भाराखाली टिकेलच असं नाही, आणि काही सप्लायचे पंखे थंड असताना फिरतच नाहीत, तिथे पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट मोजावे लागतात. सप्लायचा डबा मात्र उघडू नका, वीज काढल्यावरही आत झटका साठलेला असतो. तो ठीक निघाला तर बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवून, फक्त प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा आणि एक रॅम लावून बघायचं. कधीकधी खालचा चुकीच्या जागचा स्क्रू बोर्डला टेकलेला असतो. हे सगळं झाल्यावर ‘बोर्ड गेला’ म्हणायचं. त्याने बटण दोनदा दाबून म्हटलं.

दुकानात गेलो तर ‘‘तुमच्यासमोरच चालू करून दिलं होतं ना?’’ पोलीस चौकीत साहेबांनी ऐकून घेतलं, हसले, म्हणाले हा देण्याघेण्याचा वाद आहे, इथे नको. ग्राहक तक्रारीच्या फोनवर २५ मिनिटं संगीत, मग एक बाई म्हणाल्या की पावतीवर सिरीयल नंबर आहे का. पावतीवर फक्त ‘मदरबोर्ड १ नग’. मग तो जुनाच होता हे कशावरून? मी खोक्याचा फोटो पाठवला. फोटो अस्पष्ट म्हणून परत आला. पुन्हा पाठवला. मग विचारलं, खोका त्याच बोर्डचा आहे याचा पुरावा काय! खोक्याला पुरावा म्हणून नंबर आणि नंबरला पुरावा म्हणून खोका, असं तीन आठवडे चाललं. काल मेसेज आला: ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ मला कुणी काही विचारलं नाही.

तेव्हा पावतीवर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि ‘खराब’ म्हणून काढलेला भाग हातात मागा. ‘तो कंपनीत जमा होतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

नवा स्विच अजून आणलेला नाही. सध्या टिकलीच दाबतोय.