कोलिस्टिन की टोब्रामायसिन? वाफेतून घ्यायच्या अँटिबायोटिकचा माझा हिशेब

टीबी बरा झाला पण ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन कफ साठण्याचा आजार, मागे ठेवून गेला, आणि थुंकीच्या कल्चरमध्ये परत परत स्यूडोमोनास नावाचा जंतू यायला लागला, त्यामुळे नेब्युलायझर आता घरातलाच माणूस झालाय. मी खानापूर तालुक्यातला, दाखवायला बेळगावला जातो. दोन्ही औषधं वापरून झालीत म्हणून लिहितोय. तुमचं शेवटी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पहिलं कोलिस्टिन मिळालं, १० लाख युनिटची बाटली दिवसातून दोनदा. पहिला डोस घरी घेऊ दिला नाही, हॉस्पिटलातच फुंकणी टेस्ट करून मग दिला. आधी पहिल्या सेकंदाची फुंक १.६२ लिटर होती, डोसनंतर १.३४ वर आली, म्हणजे साधारण १७ टक्के पडली. १५ टक्क्यांच्या वर पडली की श्वासनळ्या आवळल्या असं धरतात, आणि मला तर आकड्याआधीच कळलं होतं, छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं, शिट्ट्या वाजायला लागल्या. मला वाटलं संपलं हे औषध. पण डॉक्टरांनी दुसऱ्यांदा करताना १५ मिनिटं आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल दिलं, आणि पावडर नुसत्या पाण्यात न कालवता निम्मं सलाईन निम्मं इंजेक्शनचं पाणी असं दीड-दीड मिली घेऊन कालवली. नुसत्या पाण्यातलं फार पातळ पडतं, नुसत्या सलाईनमधलं जड, आणि दोन्ही प्रकार श्वासनळ्यांना झोंबतात. तेव्हा १.६० वरून १.५२ वर आलं, एवढं चालतं म्हणाले. म्हणजे छाती आवळली म्हणून कोलिस्टिन लगेच बाद करू नका. टोब्रामायसिननेही काहींना आवळतं, त्याचाही पहिला डोस डॉक्टरांसमोर बसूनच घ्यावा.

मला नडलं ते वेगळंच. कोलिस्टिन कालवणं. बाटली हलवली की साबणासारखा फेस, फेस बसेपर्यंत थांबा, नाहीतर तो नेब्युलायझरच्या कपात जाऊन भिंतींना चिकटतो आणि मशीन नुसतं फुरफुरत बसतं. म्हणून हलवायची नाही, हळू गोल फिरवायची, हे चार-पाच बाटल्या वाया घालवून कळलं. बरं, रात्रीच कालवून ठेवावं तर तेही नाही, पाण्यात पडलं की ते औषध हळूहळू आपल्या खऱ्या कडक रूपात बदलायला लागतं आणि ते फुफ्फुसाला त्रास देतं, त्यामुळे कालवलं की लगेच ओढायचं. आणि आमच्याकडे पावसाळ्यात करंटचा काय भरवसा हो! सकाळी सहाला फेस बसवून, औषध कपात ओतून बटण दाबलं, दोन मिनिटांत घरघर बंद. बायको आतून, "आवं, करंट गेला की." झालं, ती बाटली मोरीत. एका पावसाळ्यात असं इतक्या वेळा झालं की औषधापेक्षा आभाळाकडेच जास्त बघायचो.

टोब्रामायसिनची ३०० मिलिग्रॅमची, ५ मिलीची नळी तयार येते. करंट असेल तेव्हाच टोक मोडायचं, कपात ओतायचं, १५-२० मिनिटं. करंट गेला आणि नळी फोडलेली नसेल तर काहीच वाया जात नाही. फ्रीजमध्ये ठेवावी लागते एवढंच, बाहेर किती दिवस टिकते ते डब्यावर बघून घ्या. दोन डोसमध्ये १२ तास ठेवायचे, अगदीच जमलं नाही तर ६ तासांच्या आत तरी दुसरा नको. दोन्ही औषधांना तंत्र तेच: आधी साल्ब्युटामॉल, मग कफ काढून टाकायचा, आणि अँटिबायोटिक शेवटी, नाहीतर ते कफावरच बसतं. मास्क नको, तोंडात धरायची नळी, ताठ बसून नेहमीसारखा श्वास. दुसरं कुठलं औषध त्याच कपात मिसळू नका.

टोब्रामायसिनची अडचण म्हणजे २८ दिवस चालू, २८ दिवस बंद. जंतूला औषधाची सवय लागू नये म्हणून ही सुट्टी असते म्हणतात, पण माझ्या अनुभवात बंदच्या तिसऱ्या आठवड्यात कफ परत हिरवा आणि घट्ट होतो. त्यात किंमत जास्त, आवाज बसतो, आणि कानात गुणगुण सुरू झाली तर लगेच सांगायचं, कारण या जातीच्या औषधाचा कानाशी आणि किडनीशी संबंध आहे. ज्यांना आधीच ऐकायला कमी येतं त्यांना कोलिस्टिनच बरं पडेल असं वाटतं, शिवाय ते बरेच डॉक्टर मध्ये खंड न पाडता देतात.

माझं काय म्हणाल तर टोब्रामायसिनच. बंदच्या महिन्यात कोलिस्टिन घालून बघूया असं डॉक्टर म्हणालेत, तसं काही जणांना देतात. मी म्हटलं चालेल, पण पाऊस उघडल्यावर.