‘मानवी चूक’ की गोळ्याची त्रिज्या?

लंबकाच्या प्रयोगात गुरुत्व त्वरण g 9.8 ऐवजी 9.6 आला. अहवालाच्या ‘चर्चा’ या भागात याचं कारण दोन प्रकारे लिहिता येतं.

पहिला: ‘मानवी चुकीमुळे फरक पडला.’ यातून काहीच कळत नाही. स्टॉपवॉच दाबताना होणारी चूक कधी उत्तर वाढवते, कधी घटवते. इथे तर प्रत्येक वाचन कमीच आलंय.

दुसरा: ‘50 सेंमी ही फक्त दोऱ्याची लांबी धरली, गोळ्याची 1 सेंमी त्रिज्या मिळवायची राहिली. लांबी 2 टक्के कमी, म्हणून g ही तेवढाच कमी.’ मला हाच पटतो, कारण तो तपासता येतो. दोऱ्याच्या वेगवेगळ्या लांब्या घेऊन लांबीविरुद्ध दोलनकाळाच्या वर्गाचा, म्हणजे T² चा आलेख काढा. रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी वरून गेली, तर संशय खरा. चढावरून काढलेला g मात्र बरोबर येतो. तोही नाही आला, तर कारण दुसरं शोधा आणि तसंच लिहा.