मॅस्क की सिस्ने? केमोनंतर ताप आलेल्या रुग्णाला घरी पाठवण्याआधी

केमोनंतर आठ-दहा दिवसांनी ताप घेऊन आलेला रुग्ण दाखल करायचा की गोळ्या देऊन घरी पाठवायचा, हे ठरवायला मॅस्क स्कोअर बरा की सिस्ने स्कोअर, असं सांगलीत नव्याने काम सुरू केलेले डॉक्टर मित्र विचारतात. मी दोन्ही वापरले आहेत.

पहिल्या डोसशी मात्र यांतल्या कुठल्याच स्कोअरचा संबंध नाही. नुकतीच केमो झालीय आणि ताप १०१ आहे, एवढं कळलं की दोन ब्लड कल्चर घ्यावीत आणि रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम शिरेतून सुरू करावं. सीबीसीच्या रिपोर्टसाठी थांबू नये. स्कोअर त्यानंतर मांडावा. रुग्ण कुठे राहणार, एवढंच तो सांगतो.

मॅस्क खाटेशेजारी उभं राहून मांडता येतो. २६ पैकी २१ किंवा जास्त गुण म्हणजे धोका कमी. मला अडचण होते ती त्यातल्या एकाच प्रश्नाची: त्रास किती आहे? सौम्य असेल तर ५ गुण, मध्यम असेल तर ३, तीव्र असेल तर शून्य. आपल्याकडच्या बायका याचं उत्तर शेवटच्या एसटीवर नजर ठेवून देतात.

जत तालुक्यातल्या ५४ वर्षांच्या एक बाई घ्या. स्तनाचा कर्करोग, जुना मधुमेह. ताप १०१.४, रक्तदाब ११०/७०. "काय नाय डॉक्टर, जरा कणकण हाय." मॅस्क भरला पूर्ण २६. तोंडात मात्र फोड, घन पदार्थ गिळताना दुखत होतं. रिपोर्ट आला तेव्हा न्यूट्रोफिल ३००, मोनोसाइट १००, साखर २७०. सिस्नेत तोंड आल्याचा १, मोनोसाइट २०० च्या खाली म्हणून १, मधुमेह असताना साखर २५० च्या वर म्हणून २; एकूण ४. तिथे ३ पासूनच धोका जास्त धरतात. त्यांना ठेवून घेतलं. मध्यरात्रीनंतर रक्तदाब ८६ वर आला, पण तोवर अँटिबायोटिक पोटात नव्हे, रक्तात होतं आणि सलाइन वाढवायला नर्स शेजारीच होती.

सिस्नेची मर्यादाही आहे. तो फक्त गाठीच्या कर्करोगासाठी आणि वरवर स्थिर दिसणाऱ्या रुग्णासाठी आहे. ल्युकेमियात तो लावू नये. शिवाय त्याला लॅब लागते. रात्री मोनोसाइटचा आकडा मिळत नसेल, तर मॅस्क मांडा, पण त्रासाचे गुण रुग्णाच्या शब्दावर न देता तोंड उघडून, चालवून बघून द्या.

दोन्ही स्कोअर चांगले आले, तर मी निदान चार तास निरीक्षण करून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह देतो, तेही रुग्ण आधीपासून सिप्रो घेत नसेल तरच. मिरज-कुपवाडच्या माणसाला घरी सोडतो. जतहून वडापने आलेल्याला सिस्ने शून्य असला तरी ठेवून घेतो, कारण रात्री थंडी वाजली तर तो तासाभरात परत पोहोचणार नाही.