नोटेवरचं नाव पुसलंय, देश ओळखायचाय: आकडे बघू, चेहरा बघू की तार?

जुन्या नोटांचा गठ्ठा हातात आला की त्यात दोनचार तरी अशा असतात ज्यांच्यावर चलनाचं नाव वाचताच येत नाही, एकतर घडीवर घासून गेलेलं असतं नाहीतर लिपीच आपल्याला येत नसते. मग उरतात तीन खुणा: किमतीचा आकडा कुठल्या लिपीत आहे, चेहरा कुणाचा आणि कसा काढलाय, आणि कागदात घातलेली सिक्युरिटी थ्रेडची तार. यातली पहिली कुठली बघायची यावर लोक वाद घालतात, पण माझ्या मते ते नोट प्रत्यक्ष हातात आहे की फक्त फोटो आहे यावर ठरतं. फोटो असेल तर तार जवळजवळ बाद, कारण ती उजेडासमोर धरून बघायची गोष्ट आहे.

आकड्यांपासून सुरू करू कारण छाटणी सगळ्यात पटकन तेच करतात. गोलगोल अक्षरांची बर्मी लिपी, थाई, लाओ, ख्मेर, बंगाली, या लिप्यांचे आकडे एकदा शेजारी ठेवून बघितले की बराच जगाचा नकाशा बाजूला पडतो. देवनागरी आकडे दिसले तर आपल्याला वेगळं काही शिकायलाच नको, नेपाळ नाहीतर भारत, आणि भारताच्या बाबतीत 2016 पासूनच्या नव्या मालिकेतल्याच नोटा, कारण त्याआधीच्या महात्मा गांधी मालिकेवर देवनागरी अंक नव्हते. कधीकधी तर नुसती रक्कमच बोलून जाते, म्हणजे बर्मी आकड्यांत 45 किंवा 90 दिसलं तर आणखी काही शोधू नका, 1987 मध्ये बर्माने नऊने भाग जाणाऱ्या या दोन नोटा खरोखर काढल्या होत्या.

खरी अडचण येते ती अरबी लिपीच्या घरात. इथे देश भरपूर, लिपी दिसायला एकच, आणि मराठी वाचणाऱ्याची फसगत हमखास, कारण अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोल आणि पुढे ठिपका असं दिसलं की ते पन्नास. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा फरक सोपा आहे: इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात पाच हा उलट्या पिंपळपानासारखा काढतात, वर टोक आणि खाली दोन गोलवे, आणि इराक, इजिप्त, आखाती देशांत तो सरळ गोल. म्हणजे 5, 50, 500 ची नोट असेल तर एका आकड्यात पूर्व आणि पश्चिम वेगळे होतात. आणि अक्षरं अरबी पण आकडे चक्क इंग्रजी असतील तर मोरोक्को किंवा ट्युनिशियाकडे वळा, त्या बाजूला इंग्रजी आकडेच चालतात (ही गोष्ट माहीत नसेल तर माणूस उगाच आखातात शोधत बसतो).

पण नोट 100 ची, 1000 ची, 10,000 ची असेल तर? एक म्हणजे उभी रेघ आणि शून्य म्हणजे ठिपका, दोन्हीकडे अगदी सारखं. इथे किमतीच्या आकड्याने हात टेकले. मग सिरियल नंबरकडे जायचं, तो त्याच लिपीच्या आकड्यांत छापलेला असेल तर त्यात चार, पाच, सहा यापैकी एखादा आकडा बहुतेक वेळा सापडतो. अरबी चार हा उलटा फिरवलेल्या इंग्रजी तीनसारखा, इराणकडचा फारसी चार वेगळा, उभी दांडी आणि वर आकडीसारखा फाटा. अरबी सहा बऱ्यापैकी इंग्रजी सातसारखा दिसतो, फारसी सहाच्या डोक्याला वळण असतं. सातआठच्या बाबतीत मात्र वेळ घालवू नका, एक इंग्रजी व्ही आणि दुसरा उलटा व्ही, आणि ते इराणमध्येही तसेच आणि इराकमध्येही तसेच.

आता चेहरा. लोकांचा यावर फार विश्वास असतो आणि मला तो थोडा जास्तच वाटतो. चेहरा ओळखीचा असेल तर प्रश्नच मिटला, जिना दिसले की पाकिस्तान, माओ दिसला की चीन, विषय संपला. पण चेहरा ओळखीचा नसेल आणि तुम्ही नुसत्या काढण्याच्या पद्धतीवरून देश ठरवायला गेलात तर गडबड, कारण बारीक रेघारेघांनी कोरलेला चेहरा, मागे जाळीदार नक्षी, ही शैली देशाची नसते तर छापणाऱ्याची असते. डी ला रू सारख्या ब्रिटिश कंपनीने कितीतरी देशांच्या नोटा छापल्यात, साहजिकच वेगवेगळ्या खंडांतल्या नोटा एकाच हातच्या वाटतात. पद्धतीपेक्षा कपडे, पगडी, टोपी, मुकुट जास्त सांगतात, आणि त्याहून जास्त सांगतं ते चेहरा फोटोवरून काढलाय की कल्पनेने. विसाव्या शतकातला नेता असेल तर डोळ्यांखालच्या सुरकुत्या, भुवया, नाकाची सावली सगळं फोटोतलं उतरतं, आणि हजार वर्षांपूर्वीचा विद्वान असेल तर चेहरा गुळगुळीत, कुठल्यातरी चित्रातल्यासारखा.

चेहरा नसणं हीसुद्धा खूण आहे बरं का, फक्त ती लोक मोजत नाहीत. फारसी वळणाचे आकडे आणि माणूस कुठेच नाही, नुसत्या मशिदी आणि इमारती, असं असेल तर अफगाणिस्तानची 2002 ची मालिका आधी तपासा. तिच्यावर बँकेच्या शिक्क्यात घोडेस्वार आणि भोवती ग्रीक अक्षरं असतात, ते युक्रेटिडीस नावाच्या जुन्या बॅक्ट्रियन राजाचं नाणं आहे. अरबी लिपीच्या नोटेवर ग्रीक दिसल्यावर माणूस चक्रावतो पण तीच सगळ्यात पक्की खूण आहे.

चेहऱ्याचा दुसरा घोळ म्हणजे सत्ता बदलते आणि छापलेला माल तसाच उरतो. इराणमध्ये 1979 नंतर शहाच्या नोटांवर चेहऱ्यावरच नक्षी छापून तो झाकला होता. नेपाळमध्ये राजेशाही जाताना राजाच्या वॉटरमार्कचा कागद शिल्लक होता तर त्या जागेवर लालीगुराँसचं फूल छापलं. म्हणून चेहऱ्याच्या किंवा वॉटरमार्कच्या जागेवर विनाकारण दाट नक्षी दिसली तर नोट तिरकी धरून खाली काय दबलंय ते बघायचं.

तारेचं गणित वेगळंच आहे. नुसती तार आहे एवढ्यावरून देश कळत नाही, काळ कळतो. कागदात तार घालायची पद्धत बँक ऑफ इंग्लंडने 1940 मध्ये एक पौंडाच्या नोटेपासून आणली, आणि कागदाच्या आतबाहेर जाणारी, वरून तुटकतुटक चंदेरी दिसणारी तार त्यांच्याच 20 पौंडांच्या नोटेत 1984 ला आली. म्हणजे तुटक चंदेरी तार दिसली की नोट 1984 च्या आधीची नाही एवढं पक्कं. तार पुरवणारेही मोजके, एकाच प्रकारची तार अनेक देशांत सापडते. आणि तारच नाही, कागदाऐवजी प्लास्टिकसारखा गुळगुळीत पृष्ठभाग आणि एक पारदर्शक खिडकी असेल तर ती पॉलिमर नोट, तिथे तार शोधू नका, ती 1988 नंतरचीच म्हणायची कारण ऑस्ट्रेलियाने तेव्हा ती पहिल्यांदा चालवली.

पण तारेवर अक्षरं असतील तर ती आकडे आणि चेहरा दोघांनाही मागे टाकते, आणि कारण साधं आहे, तार कागदाच्या पोटात असते. वरचं छापील नाव हाताळून घासून जातं, आतलं टिकतं. अमेरिकन डॉलरच्या मोठ्या नोटांत 1990 च्या मालिकेपासून तारेवर देशाचं नाव आणि रक्कम असते, आणि नंतरच्या मालिकांत अतिनील दिव्याखाली शंभराची तार गुलाबी, विसाची हिरवी, पाचाची निळी चमकते. आपल्याकडच्या नोटेत भारत आणि आरबीआय असतं. मागून मोबाईलचा टॉर्च लावा, भिंग घ्या, अक्षरं उलटी दिसली तर नोट पालटा. एकच गोष्ट, चंदेरी तारेचा जो भाग बाहेर उघडा असतो तो घासला जातो, म्हणून वाचायचं ते कागदाने झाकलेल्या तुकड्यावर.

आता तिन्ही एकत्र एका जोडीवर लावून बघू, आणि मुद्दाम अवघड जोडी घेतो. समजा नोटेवर रेघ आणि चार ठिपके, म्हणजे 10,000. रंग हिरवट. दाढीवाला, पगडीतला माणूस. नावाची जागा गेलेली. नव्वद टक्के लोक लगेच म्हणतील खोमेनी, इराण. पण इराकची 2003 नंतरची 10,000 दिनारची नोटही हिरवीच आणि तिच्यावरही पगडी-दाढीवाला माणूस, तो म्हणजे प्रकाशशास्त्रावर काम केलेला इब्न अल-हैथम. किमतीचा आकडा इथे काहीच मदत करत नाही कारण त्यात फक्त एक आणि शून्य. सिरियल नंबरात चार, पाच किंवा सहा वाचता आला तर उजेड पडतो. नाही आला तर चेहरा: खोमेनीचा चेहरा फोटोवरचा, जाड काळ्या भुवया, पांढरी दाढी, काळी पगडी, आणि इब्न अल-हैथम साहजिकच कल्पनेतला, त्याचा फोटो असणारच कुठून. इतका फरक घासलेल्या नोटेवरही कळतो पण पैज लावण्याइतका नाही, म्हणून नोट उजेडासमोर धरा. इराकच्या नोटेत वॉटरमार्कमध्ये घोड्याचं डोकं दिसतं, आणि घोडा दिसला की इराण संपला. शेवटी नोट पालटा, मागे बर्फाचा एकटा डोंगर असेल तर तो दमावंद, 1992 ची इराणी 10,000 रियाल, आणि एका बाजूला कललेला मिनार असेल तर मोसुलचा अल-हदबा, इराक. तारेवर अक्षरं वाचता आली नाहीत तर ती या जोडीत फक्त नोट कागदाची आणि अलीकडची आहे एवढंच सांगते, मग देशाच्या निर्णयात तिचा वाटा शून्य.

थोडक्यात नोट हातात असेल तर मी आधी टॉर्च लावून तार आणि वॉटरमार्क बघेन, कारण त्यांना अर्धा मिनिट लागतो आणि कधीकधी तिथेच निकाल लागतो, मग आकडे, चेहरा शेवटी. फोटोच असेल तर आकडे, सिरियल नंबर, चेहरा या क्रमाने. आणि पाठवणाऱ्याकडे फोटो मागताना सरळ सांगा की मागच्या बाजूचाही पाठव, सिरियल नंबरचा जवळून घेतलेला वेगळा पाठव, आणि एक नोट खिडकीच्या काचेवर टेकवून, नाहीतर तीनदा विचारावं लागतं आणि दर वेळी तोच समोरचा धूसर फोटो येतो.