गोदामाची लादी आणि बोगद्याचे अस्तर: स्टील फायबर घ्यावे की सिंथेटिक?

भिवंडी किंवा चाकणच्या परिसरात नवे गोदाम बांधणाऱ्या मालकापुढे हल्ली लोखंडी जाळीऐवजी काँक्रीटमध्ये मिसळायच्या फायबरची, म्हणजे आखूड तंतूंची, दोन प्रकारची कोटेशने येतात: एकात प्रत्येक घनमीटर काँक्रीटमागे २५ किलो स्टील फायबर असते, तर दुसऱ्यात चार किलो सिंथेटिक. जमिनीवर टेकलेली १,००० चौरस मीटरची, १५० मिलिमीटर जाडीची लादी धरली, तर काँक्रीट १५० घनमीटर लागते. म्हणजे पहिल्या पर्यायात ३,७५० किलो पोलाद येते आणि दुसऱ्यात ६०० किलो प्लास्टिक. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून काहीच हाती लागत नाही, कारण या दोन पदार्थांची घनता आणि ताठपणा यांत फार मोठा फरक आहे.

त्याआधी एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. ‘सिंथेटिक’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. केसासारखे बारीक, साधारण १२ मिलिमीटर लांबीचे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू घनमीटरमागे सुमारे ९०० ग्रॅम टाकतात. ओल्या काँक्रीटचे पाणी उन्हावाऱ्याने झपाट्याने उडून पहिल्या काही तासांत पडणाऱ्या भेगा ते कमी करतात. काँक्रीट कडक झाल्यावर भार पेलण्यात त्यांचा वाटा जवळजवळ नसतो. जाळी काढून त्याऐवजी हे तंतू सुचवणारे कोटेशन तिथेच बाजूला ठेवावे. खरी तुलना करायची ती ४० ते ६० मिलिमीटर लांबीच्या जाड सिंथेटिक तंतूंशी, ज्यांना मॅक्रो म्हणतात.

नेहमीच्या मात्रेत कोणतेही फायबर भेग पडण्याचा भार फारसा वाढवत नाही. त्याचे काम भेग पडल्यावर सुरू होते. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल आणि मॅक्रो सिंथेटिकचा बहुधा पाच ते दहा गिगापास्कल असल्यामुळे, भेग अर्धा मिलिमीटर उघडताच स्टीलचे तंतू ताणाखाली येतात, प्लास्टिकचे मात्र आधी ताणले जातात. भेग अडीच-तीन मिलिमीटर झाल्यावर चांगले सिंथेटिकही बराच भार धरते. म्हणून पुरवठादाराला किलो विचारण्याऐवजी ईएन १४६५१ या चाचणीतील तुळईचे, अर्धा आणि अडीच मिलिमीटर भेगेवरचे उरलेले बळ विचारावे, आणि तेही आपल्याच काँक्रीटच्या ग्रेडसाठी.

फोर्कलिफ्टची सतत ये-जा आणि रॅकच्या पायांचे एकवटलेले भार असलेल्या लादीत भेग बारीक राहणे महत्त्वाचे, त्यामुळे तिथे माझा कल स्टीलकडे आहे. रॅकचा भार महिनोन्महिने हलत नाही, आणि भेगेतले प्लास्टिक कायमच्या ताणाखाली हळूहळू लांबत जाते, हेही कारण आहेच. उलट, खारे पाणी सांडणाऱ्या मासळीच्या शेडमध्ये किंवा पृष्ठभागावर गंजाचे ठिपके चालणार नाहीत अशा अंगणात सिंथेटिक बरे.

दोघांपैकी कोणीही आकुंचन थांबवत नाही. काँक्रीट वाळताना मीटरमागे अर्धा मिलिमीटर आकसते असे धरले, तर सहा मीटरच्या पॅनलला तीन मिलिमीटर जागा लागते. तेव्हा कटरने लादीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीचे जॉइंट वेळेत मारणे, बांधकामाच्या जॉइंटला दोन्ही बाजू सांधणाऱ्या डॉवेल सळया देणे, खालचा भराव नीट दाबणे आणि क्युरिंग हे सगळे करावेच लागते. ‘जॉइंटलेस’ लादीत जॉइंट संपत नाहीत. ते ३०-३५ मीटरवर जातात, तेवढेच जास्त उघडतात, आणि म्हणून कडांना पोलादी पट्ट्या लावाव्या लागतात. अधांतरी स्लॅब किंवा तुळईतली मुख्य सळई काढून तिथे नुसते फायबर टाकणे तर विचारातही घेऊ नये.

बोगद्यातील फवारलेल्या काँक्रीटचा हिशेब वेगळा आहे. ओबडधोबड खडकावर जाळी बसवली की तिच्यामागे पोकळ्या राहतात आणि ती झाकायला जास्त काँक्रीट लागते; फायबर हा त्रास वाचवते. खडक बराच सरकेल अशा ठिकाणी मोठ्या भेगेपर्यंत ताण धरणारे मॅक्रो सिंथेटिक उपयोगी पडते, तर भेगा लवकर रोखायच्या असतील तिथे ३०-३५ मिलिमीटरचे स्टील. काँक्रीट काळानुसार फार मजबूत झाले, तर स्टीलचे तंतू घसरत सुटण्याऐवजी तुटू लागतात आणि अस्तर ठिसूळ होते. आगीत काँक्रीटचे पापुद्रे उडू नयेत म्हणून मात्र बारीक पॉलिप्रॉपिलीनच लागते. ते सुमारे १६० अंशांवर वितळून वाफेला वाट देते, जे स्टील करू शकत नाही. रॉक बोल्टची जागा यांतले एकही घेत नाही.

मात्रा खरोखर पडली का, हे साइटवरच पाहता येते: ओल्या काँक्रीटचा मोजका नमुना पाण्याने धुऊन स्टील चुंबकाने गोळा करावे आणि वजन करावे, सिंथेटिक पाण्यावर तरंगते, ते गाळून वाळवावे. फवाऱ्यात काही तंतू उसळून खाली पडतात, म्हणून तिथे नमुना भिंतीवर बसलेल्या काँक्रीटचा घ्यावा. फायबर टाकल्यावर काँक्रीट घट्ट वाटले म्हणून मिक्सरमध्ये पाणी वाढवू देऊ नये, सुपरप्लास्टिसायझर वापरावे. आणि पोती एकदम ओतल्यामुळे तंतूंचे गोळे झाले असतील, तर ते ट्रकच्या घसरगुंडीवरच दिसतात, तेव्हाच तो माल परत पाठवावा.