व्हॉइस नोटवरून कॅरोसेल: आधी उतरवायचं की आधी ऐकायचं?

गोव्यात फोंड्याजवळच्या एका कुळागरवाल्यांची, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागेच्या मालकांची, सहा मिनिटांची व्हॉइस नोट. तिच्यावरून सोशल मीडियासाठी कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवत वाचायच्या स्लाइड, करायच्या आहेत. सुरुवात पावसाने, मग नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही ही तक्रार, आणि अगदी शेवटी: "जेवण केळीच्या पानावर, पण आदल्या दिवशी सांगायला हवं, हं."

शब्दशः उतरवून कापत गेलं, तर दर आणि वेळा सुटत नाहीत. अडचण क्रमाची. ते बोलले त्याच ओघात स्लाइड पडतात आणि पहिल्याच स्लाइडवर पाऊस येतो.

दुसरी रीत म्हणजे काही न लिहिता एकदा ऐकायचं, मग आठवणीतून एकच वाक्य लिहायचं: वाचणाऱ्याने काय करायचं आहे? इथे, 'जेवण आदल्या दिवशी सांगा'. ही शेवटची स्लाइड. तिथून मागे येत पहिली ठरते: 'कुळागरात फिरा, तिथेच जेवा'. मधे सुपारी, मिरवेल, जायफळ. एका स्लाइडवर एकच.

मला हीच रीत बरी वाटते. फक्त आकडे आठवणीवर सोडू नयेत. घाईत 'दीडशे' आणि 'अडीचशे' सारखेच ऐकू येतात. तेवढा तुकडा शब्दशः उतरवून त्यांच्याकडून पक्का करून घ्यावा. आणि ते 'हं' काढू नये.