तुळशीची माळ आणि पंचमुखी रुद्राक्ष: वर्षभराच्या वापरानंतर सगळं अडलं ते दोऱ्यावर

रुद्राक्षाची माळ गेल्या महिन्यात तुटली, म्हणून हे लिहितोय. मणी एकही फुटलेला नाही, कीड नाही, मुखं अजून ठसठशीत आहेत. तुटला तो फक्त दोरा. जिथून माळ घेतली तिथला दुकानदार म्हणाला, माळ 'सिद्ध' केलेली होती, तुटली म्हणजे सिद्धी गेली, आता नुसता दोरा बदलून देणार नाही, पुन्हा अभिषेकाचे पैसे भरा. हे मला अजिबात पटलं नाही. अभिषेक मी घरच्या पिंडीवर करू शकतो, रुद्र म्हणणारे घरात आहेत. मला दुकानातून हवा होता तो टिकाऊ दोरा आणि नीट मारलेली गाठ, आणि नेमकं तेच पहिल्यापासून कच्चं होतं. शेवटी दागिने गाठवून देणाऱ्या एका पटवेकऱ्याकडे गेलो. त्यांच्याकडून अर्ध्या तासात जे कळलं ते मला वर्षभर कोणीच सांगितलं नव्हतं.

माझ्या गळ्यात दोन माळा आहेत. एक तुळशीची, आमच्या दिंडीच्या महाराजांच्या हातून घातलेली. दुसरी पंचमुखी रुद्राक्षाची, एकशे आठ मण्यांची, चांदीच्या टोप्या नसलेली. दोन्ही एकत्र घालू नयेत असं सांगणारे भेटतात. ज्या विठ्ठलाने मस्तकी शिवलिंग धरलंय त्याच्या वारकऱ्याला हा प्रश्न पडायचं कारण नाही. दोन्ही एकत्र घालायला माझी हरकत नाही. पण दोन्हींना एकच नियम लावायला आता आहे.

तुळशीची माळ हे व्रत आहे. वारकरी संप्रदायात ती ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात घालतात, आणि त्या वेळी मद्य-मांस सोडायचं, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वारी करायची हे कबूल केलेलं असतं. म्हणून ती अंघोळीला काढत नाहीत, झोपताना काढत नाहीत, सुतकात काढत नाहीत, स्मशानातही काढत नाहीत. आमच्या घरातल्या माळकरी बायका पाळीच्या दिवसांतही काढत नाहीत. माळ तुटली तर दुसरी गळ्यात पडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे. त्यामुळे देवघरात एक जादा माळ कायम ठेवलेली असते, प्रवासातही पिशवीत एक असते. नव्याने माळ घालणाऱ्याला माझी पहिली विनंती हीच: दोन माळा घ्या. एक गळ्यात, एक राखीव.

रुद्राक्षाचं पथ्य वेगळं. शिवपुराणाच्या विद्येश्वर संहितेत रुद्राक्ष घालणाऱ्याने मद्य, मांस, लसूण, कांदा यांबरोबर शेवगा आणि भोकरसुद्धा वर्ज्य करावं असं आहे. शेवग्याचं बहुतेकांना माहीत नसतं. काढून ठेवायचे प्रसंग मात्र घराघरात आणि संप्रदायागणिक बदलतात. बहुतेक गृहस्थ अंत्ययात्रेला जाताना, सुतकात आणि सुवेरात, रात्री झोपताना ती उतरवून देवघरात ठेवतात. कित्येक साधू-संन्यासी मात्र ती कधीच उतरवत नाहीत. मी गृहस्थाचा नियम पाळतो. उतरवलेली माळ खुंटीला लावत नाही, गोलाकार वेटोळं करून उघड्या ताम्हनात ठेवतो. बंद डबीत ठेवू नका, का ते पुढे सांगतो.

आता मत बदललं ते इथे. पावसाळ्याआधी मला कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की रुद्राक्ष घालूनच अंघोळ करा, त्यावरून अंगावर येणारं पाणी म्हणजे तीर्थ. भाव आजही तोच आहे, पण सल्ला आता तो देणार नाही. आषाढात माळेला कुबट वास यायला लागला, आणि दोन-तीन मण्यांच्या तोंडाशी पांढरी लव दिसली. ती बुरशी होती. रुद्राक्ष म्हणजे फळाची कठीण कोय. तिच्या अंगावर खोल खाचा असतात, आणि साबणाचा फेस, घाम, अंगाचा मळ त्या खाचांत जाऊन बसतो. पाण्याने कोय थोडी फुगते, वाळली की आकसते, आणि हे रोज होत राहिलं तर भोकापासून मुखाच्या रेषेवर बारीक चीर जायला लागते. दमट हवेत वर बंद डबीत कोंडली की बुरशी धरणारच. तुळशीच्या मण्याचं तसं नाही. तो लेथवर कातलेला, गुळगुळीत आणि लहान असतो. त्यावर पाणी फार रेंगाळत नाही, अंगाच्या उबेने लवकर वाळतो. त्यामुळे तुळशीची न काढण्याची रीत व्यवहारातही नीट बसते.

तरी तुळशीच्या माळेची एक जागा सांभाळावी लागते, ती म्हणजे मानेमागची गाठ. तिथे साबण अडकतो, दोरा ओला राहतो, आणि मग कातडी लाल होऊन खाज सुटते. लोक दोष तुळशीला देतात. दोष ओल्या दोऱ्याचा असतो. अंघोळीत साबण लावताना माळ हाताने सरकवत राहायची, शेवटचा तांब्या मानेमागे ओतायचा, आणि कोरड्या सुती पंच्याने गाठ दाबून टिपायची. मण्यांना तेल, अत्तर काही लागत नाही. वापराने त्यांना आपोआप तकाकी येते.

रुद्राक्षाची साफसफाई मी आता अशी करतो. माळ पूर्ण कोरडी असताना लहान मुलांच्या मऊ दातघासणीने प्रत्येक मण्याच्या खाचा मुखाच्या रेषेच्या दिशेने झाडून घ्यायच्या. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. मळ चिकटलेला असेल तर घासणी साध्या पाण्यात बुडवून, झटकून, मग फिरवायची. माळ पाण्यात भिजत ठेवायची नाही, साबण अजिबात नाही. साबण राहिला की खाचांत फिकट पांढरट थर दिसतो, तीच खूण. मग फडक्यावर पसरून सावलीत, वारा लागेल अशा जागी दिवसभर ठेवायची. कडक उन्हात ठेवली तर बाहेरचा भाग आधी आकसतो आणि चीर पडते. अभिषेकात दूध-पंचामृत घातलं असेल तर मात्र लगेच साध्या पाण्याखाली धुऊन, टिपून वाळवावं लागतं, नाहीतर खाचेतलं दूध नासतं आणि मुंग्या लागतात. भोकातून बारीक भुकटी गळताना दिसली तर तो मळ नसतो, आत कीड असते, आणि तो मणी लगेच माळेतून काढावा.

आता दोरा. दुकानदाराने सांगितलं होतं की महिन्यातून एकदा अख्खी माळ रात्रभर तिळाच्या तेलात बुडवा. पटवेकऱ्याने तुटलेला दोरा हातात घेतला, बोटांत चोळला, आणि बोटं काळी झाली. ते म्हणाले, "तेल मण्याला हवं असतं हो, दोऱ्याला नाही. सुताने तेल पिलं की ते धूळ धरतं, आणि मण्याच्या भोकाची धार तो दोरा रोज थोडा थोडा कापत बसते." मग त्यांनी तुटलेली जागा दाखवली. दोरा मेरुमण्याशेजारच्या मण्यात तुटला होता. माळ गळ्यात घालताना-काढताना आपण तिथेच धरतो आणि ओढतो, त्यामुळे ताण तिथे पडतो. त्या मण्याचं भोक यंत्राने पाडलेलं होतं आणि कडेला बारीक कुसळ राहिलं होतं. रुद्राक्षाच्या मधोमध मुळातच एक पोकळ नाळ असते. आपोआप भोक असलेला रुद्राक्ष उत्तम असं शिवपुराणातही म्हटलंय. पण विकताना सगळे मणी एकसारखे ओवता यावेत म्हणून ती नाळ छिद्र पाडून मोकळी करतात, आणि कडा घासून घ्यायचं राहून जातं.

त्यांनी काय केलं ते सांगतो, कारण कोणाही गाठवणाऱ्याकडून हे मागून घेता येतं. सगळे मणी सोडवून प्रत्येक भोकाच्या कडेवर बारीक कानस गोल फिरवली. मग पीळ दिलेला दुहेरी नायलॉन दोरा घेऊन प्रत्येक मण्यानंतर एक गाठ मारली. गाठीमुळे तीन गोष्टी होतात. मणी एकमेकांवर घासत नाहीत, मधून वारा खेळतो म्हणून ओल राहत नाही, आणि दोरा तुटलाच तर एकच मणी सुटतो, अख्खी माळ रस्त्यावर विखुरत नाही. माझी आधीची माळ बिनगाठीची होती आणि भर बाजारात विखुरली. काही मणी शोधावे लागले. तेलाचंही त्यांनीच सांगितलं: घासणीच्या टोकाला एक थेंब, मण्याच्या पाठीवर, भोकापासून लांब, आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. तेही मणी रुक्ष, फिकट दिसायला लागला तरच.

दोरा कधी बदलायचा ते तुटायच्या आधी कळतं. माळ मेरुमण्याला धरून लोंबती ठेवा. बाकी गाठींपेक्षा एखाद्या ठिकाणी फट वाढलेली दिसली तर तिथला दोरा ताणला गेलाय. मणी जरा सरकवून गाठीजवळ बघा, लव निघालेली दिसली तर थांबू नका. ज्यांना नायलॉन चालत नाही, सुतीच हवा, त्यांनी तो दर चातुर्मासाच्या आधी बदलून घ्यावा. घामाने सूत कुजतं आणि पावसाळ्यात ते कुजणं वाढतं.

चांदीच्या टोप्या आणि तांब्याच्या तारेत गुंफलेल्या माळा दिसायला सुंदर असतात, टिकतातही. मी नाही म्हटलं ते दवाखान्यासाठी. एमआरआयच्या आधी अंगावरचा सगळा धातू उतरवायला लावतात, आणि टोपीखाली ओल साचली तर दिसत नाही. तुळशीच्या माळेत धातू नसला तरी ऑपरेशनच्या वेळी तीही काढून मागतात, आणि माळकरी माणूस तिथे अस्वस्थ होतो. आमच्या काकांच्या ऑपरेशनला असंच झालं. महाराजांना फोन केला. ते म्हणाले, ऑपरेशनच्या आधी तुम्ही उपाशीच असता, माळ नसताना अन्न घेतलं असं होतच नाही. काकांनी माळ काकूंच्या हातात दिली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पाणी प्यायला परवानगी दिली, तेव्हा काकूंनी आधी माळ घातली आणि मग पाणी दिलं. नर्सबाईंनाही अडचण वाटली नाही.

खरेदीबद्दल थोडंच. पाण्यात बुडला म्हणजे खरा, ही परीक्षा निरुपयोगी आहे. कोरडा खरा रुद्राक्ष तरंगू शकतो आणि तेल प्यायलेला बुडतो. मुखाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहेत का, मध्येच कोरल्यासारख्या वाटतात का, हे भिंगाने बघा. तुळशीचे मणी ओल्या पांढऱ्या कापसाने घासून बघा. रंग उतरला तर ते दुसरं लाकूड रंगवलेलं असू शकतं. आणि जपाची माळ वेगळी ठेवा, गोमुखीत. गळ्यातल्या माळेवर जप केला की तिची ओढाताण दुप्पट होते.

जुन्या दुकानात मी परत जाणार नाही. मणी त्यांनी चांगले दिले होते, हेही खरं आहे. तुमची माळ तिथली किंवा कुठलीही असो, घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात दोरा गाठवणाऱ्याला दाखवा, आणि सुटे झालेले मणी कुठलेही असले तरी पुन्हा ओवण्याआधी त्यांच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवून बघा. नख अडलं तर कानस लावायला सांगा.